बिलावर पॉवर फॅक्टर ०.९९, तरी शेजारचे दिवे का फडफडतात?

कारखान्याचं वीजबिल चोख आहे. पॉवर फॅक्टर ०.९९, दंड नाही, कपॅसिटर बँक ठणठणीत. तरीही त्याच ३३ केव्हीच्या सबस्टेशनवरून वीज घेणाऱ्या वस्तीत संध्याकाळी दिवे फडफडतात आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला वायरमन वैतागून म्हणतो, "साहेब, मीटरवर व्होल्टेज तर बरोबर दिसतंय, मग लाईट का अशी लपलप करतेय?" कारखानदाराचं बिल खरं आहे आणि वायरमनची तक्रारही खरी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे कळलं की कपॅसिटर बँक कुठे पुरते आणि झटपट भरपाई देणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅटकॉम कुठे लागतोच, हेही कळतं.

सांगली, मिरज, कुपवाड, पलूस या पट्ट्यात फाउंड्री म्हटलं की बहुतेक ठिकाणी इंडक्शन फर्नेस असते. तिचा लोड मोठा असला तरी बऱ्यापैकी एकसारखा चालतो, कारण मध्ये इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय बसलेला असतो आणि तोच वीज मोजून मापून घेतो. तिचे प्रश्न वेगळे, मुख्यतः हार्मोनिक्सचे, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या करंटचे. खरी झटके देणारी भट्टी म्हणजे आर्क फर्नेस. म्हणून इथे मी एक कल्पित उदाहरण घेतो: कुपवाडच्या आसपास, सबस्टेशनला अगदी लागून, १२ एमव्हीए ट्रान्सफॉर्मरवर चालणारी एक आर्क फर्नेस. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे निवडले आहेत, पण अशा भट्ट्यांच्या बाबतीत ते अवास्तव नाहीत.

भट्टीत काय चाललेलं असतं

नवी हीट, म्हणजे वितळवण्याची नवी खेप, सुरू होते तेव्हा भट्टीत भंगाराचा ढीग असतो. वरून तीन ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड खाली येतात, भंगाराला टेकतात, जरा वर उचलले की आर्क पेटतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. इलेक्ट्रोड भंगारात भोक पाडत खाली उतरत असतो, खालचा तुकडा वितळून कोसळतो, आर्क लांबतो आणि तुटतो. लगेच वरून दुसरा तुकडा घसरून थेट इलेक्ट्रोडला भिडतो आणि त्या फेजला शॉर्ट सर्किट होतं. हे सेकंदातून अनेक वेळा, तिन्ही फेजला वेगवेगळं आणि कुठलाही ताल न धरता चालू असतं. आवाजावरूनसुद्धा ओळखू येतं: सलग घुमण्याऐवजी कडकड, तडतड असा तुटक आवाज येतो. इलेक्ट्रोड वर-खाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा हलायलाच सेकंदाचा पाचवा-सहावा भाग घेते, त्यामुळे ती या गडबडीला पुरी पडत नाही. पुढे सगळं वितळून सपाट रस झाला की भट्टी शांत होते.

आता रिअॅक्टिव्ह पॉवर. मोटर, ट्रान्सफॉर्मर, भट्टीच्या जाड केबल या सगळ्यांभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. ते उभं करायला ऊर्जा लागते आणि ते मावळताना ती परत मिळते. सेकंदाला १०० वेळा ही देवाणघेवाण होते. यात एक युनिटही खर्च होत नाही, पण त्यासाठी लागणारा करंट मात्र तारांमधून खरोखर वाहतो. लाईनला आणि ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा रिअॅक्टन्स असतो, आणि या करंटमुळे व्होल्टेज जितकं खाली येतं तितकं साध्या कामाच्या करंटने येत नाही. आपल्या भट्टीचा इलेक्ट्रोड भंगाराला भिडला की काम फारसं होत नाही, पण रिअॅक्टिव्ह पॉवर एकदम १६ एमव्हीएआरपर्यंत उसळते. आर्क तुटला की ती शून्यावर. बहुतेक वेळ ती ४ आणि १२ च्या दरम्यान हेलकावे खात असते, सरासरी ८.

यातून व्होल्टेज किती हलेल, हे काढायला एक साधं सूत्र पुरतं:

```
ΔV / V ≈ ΔQ / Ssc
```

ΔQ म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरमधला हेलकावा, आणि Ssc म्हणजे त्या जागेची शॉर्ट सर्किट पातळी, ग्रिड तिथे किती दणकट आहे याचं माप. आपल्या सबस्टेशनच्या ३३ केव्ही बसवर ती ३०० एमव्हीए धरू. हेलकावा ८ एमव्हीएआर. आठ भागिले तीनशे, म्हणजे २.७ टक्के.

२.७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. २३० व्होल्टमध्ये जेमतेम ६ व्होल्ट. एकदाच खाली येऊन तिथेच राहिलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण डोळा प्रकाशाच्या पातळीपेक्षा तिच्या बदलाला फार लवकर पकडतो, आणि त्यातही सेकंदाला साधारण ९ हेलकाव्यांच्या आसपास तो सर्वांत हळवा असतो. जुन्या तारेच्या बल्बवर, त्या गतीला, व्होल्टेज अवघं ०.३ टक्के हललं तरी माणसाला त्रास व्हायला लागतो. आपला हेलकावा त्याच्या नऊपट आहे. तो एकाच तालात नसतो, अनेक गतींचं मिश्रण असतो, म्हणून त्रास थेट नऊपट होत नाही. पण दिव्याखाली पुस्तक धरून बसलेल्या मुलाला तो नक्की जाणवतो. एलईडीचं गणित थोडं निराळं: चांगल्या ड्रायव्हरचा दिवा यातलं बरंचसं गिळून टाकतो, स्वस्तातला मात्र बल्बपेक्षाही जास्त फडफडू शकतो. म्हणून एकाच गल्लीत एका घरातून तक्रार येते आणि शेजारच्या घराला काही जाणवत नाही. याचा अर्थ तक्रार करणारा उगाच बोलतोय असा होत नाही.

आणि वायरमनचं मीटर? साधा डिजिटल मीटर सेकंदभराची सरासरी काढून आकडा दाखवतो. सेकंदात नऊ वेळा खाली-वर झालेलं त्या सरासरीत सपाट होऊन जातं.

कपॅसिटर बँकेने काय होतं, काय होत नाही

कपॅसिटर बरोबर उलट्या वेळेला ऊर्जा घेतो आणि देतो. भट्टीला चुंबकीय क्षेत्रासाठी ऊर्जा हवी असते नेमकी तेव्हा कपॅसिटर ती सोडत असतो. त्यामुळे ही देवाणघेवाण दोघांतच भागते आणि ग्रिडला तिचा भार पडत नाही. भट्टीची सरासरी गरज ८ एमव्हीएआर, म्हणून कारखान्याने २ एमव्हीएआरचे चार टप्पे बसवले. हीट चालू असताना चारही लावले की सरासरी शून्यावर येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाच्या विजेसोबत रिअॅक्टिव्ह भागही धरून, निघतं, त्यामुळे ही बचत थेट पैशात दिसते. पॉवर फॅक्टर ०.९९ आला तो असा.

पण हेलकाव्याकडे बघा. आधी भट्टी ४ ते १२ मध्ये झुलत होती. त्यातून ८ वजा केले की उरलं उणे ४ ते अधिक ४. झोका तेवढाच, पूर्ण ८ चा. फक्त त्याचा मध्य सरकला. ग्रिडवर व्होल्टेज अजूनही २.७ टक्केच हलतंय. बिलाचं मीटर सरासरी मोजतं, डोळा बदल मोजतो. कपॅसिटरने सरासरी दुरुस्त केली आणि बदलाला हातही लावला नाही. बिल आणि फडफड दोन्ही एकाच वेळी खरी असण्याचं कारण एवढंच.

मग साहजिक प्रश्न येतो: टप्पे झटपट चालू-बंद करून हेलकाव्याच्या मागे धावता येणार नाही का? इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण कारखान्यातल्या बैठकीत नेमका हाच प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतो.

पहिली अडचण मोजणीची आणि यंत्राची. व्हॅक्यूम ब्रेकरला हुकूम मिळाल्यापासून काँटॅक्ट जुळेपर्यंत ५० ते ८० मिलीसेकंद जातात. रिले त्याआधी काही काळ मोजमाप करते, तो वेळ वेगळा. दुसरी अडचण कपॅसिटरच्या आत साठलेल्या चार्जची. बंद केलेला टप्पा डिस्चार्ज व्हायला उच्चदाबावर साधारण ५ ते १० मिनिटं द्यावी लागतात. चार्ज शिल्लक असताना उलट्या अर्धचक्रावर तो पुन्हा जोडला गेला, तर व्होल्टेजचा झटका नेहमीच्या शिखराच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. तिसरी अडचण आयुष्याची. जास्त वापरासाठी बनवलेल्या व्हॅक्यूम ब्रेकरचं यांत्रिक आयुष्य १०,००० चालू-बंद धरतात. सेकंदाला ५ वेळा चालवायचा झाला तर हे आयुष्य ३३ मिनिटांत, एका हीटच्या आत संपेल. आणि हे सगळं जमवलं तरी प्रत्येक २ एमव्हीएआरचा टप्पा स्वतःच व्होल्टेजला ०.६७ टक्क्याची पायरी देतो, म्हणजे फडफड विझवायला आणलेली वस्तूच नवी फडफड तयार करते.

म्हणून स्विच होणाऱ्या कपॅसिटर बँकेचं काम मिनिटांच्या हिशोबातलं आहे. हीट सुरू झाली, टप्पे आत घ्या. भट्टी ओतली, टप्पे बाहेर काढा. ओतल्यावर ते आतच राहिले तर भट्टी शांत असताना ८ एमव्हीएआर उलटे ग्रिडकडे जातात, व्होल्टेज २.७ टक्के वर चढून बसतं आणि केव्हीएएचच्या बिलात ही लीडिंग बाजूही धरली जाते. हे मिनिटांचं काम कपॅसिटर इतकं स्वस्तात आणि इतक्या कमी लॉसमध्ये दुसरं कुणी करत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात पाटणच्या वर पठारावर ज्या जुन्या पवनचक्क्या आहेत, त्यातल्या इंडक्शन जनरेटरना पायथ्याच्या पॅनेलमधले काँटॅक्टरने जोडले जाणारे कपॅसिटर वर्षानुवर्षं पुरले, कारण वाऱ्याचा जोर काही सेकंदांत बदलतो, मिलीसेकंदांत नाही.

उशिराने दिलेली मदत

स्टॅटिक कॉम्पेन्सेटर, म्हणजे बोलण्यातला स्टॅटकॉम, आत शिरला की काय बदलतं? त्याच्या पोटात डीसी कपॅसिटर असतो आणि त्यापुढे आयजीबीटीचे स्विच. हे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होऊन ५० हर्ट्झचं स्वतःचं व्होल्टेज तयार करतात. हे व्होल्टेज आणि ग्रिडचं व्होल्टेज यांच्यामध्ये एक रिअॅक्टर असतो. स्टॅटकॉमने आपलं व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडं वर ठेवलं की तो कपॅसिटरसारखा रिअॅक्टिव्ह पॉवर देतो. थोडं खाली ठेवलं की रिअॅक्टरसारखा ती ओढतो. टप्पे नाहीत, काँटॅक्ट नाहीत, डिस्चार्जची वाट पाहणं नाही. डीसी कपॅसिटर यात मोठा ऊर्जासाठा म्हणून नसतो, तो फक्त स्विचना उभं राहायला जागा देतो.

खरा फरक वेळेचा आहे. सेकंदाला ९ वेळा झुलणारा हेलकावा घेतला, आणि त्याच्या बरोबर उलटी रिअॅक्टिव्ह पॉवर t सेकंद उशिराने सोडली, तर मूळ हेलकाव्याचा किती भाग उरतो हे असं निघतं:

```
उरलेला भाग = 2 × sin(180° × 9 × t)
```

४ मिलीसेकंद उशीर झाला तर ०.२३, म्हणजे हेलकाव्याचा चौथ्यापेक्षाही कमी भाग उरला. १० मिलीसेकंद उशीर झाला तर ०.५६, निम्म्याहून जास्त तसाच. २० मिलीसेकंदांना १.०७: मदत करून परिस्थिती मूळच्यापेक्षा किंचित वाईट. आणि ५५ मिलीसेकंदांना, म्हणजे ब्रेकरला काँटॅक्ट जुळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, उत्तर जवळजवळ २ येतं. भट्टी खाली ओढते तेव्हा भरपाईही खाली ओढते, भट्टी सोडते तेव्हा तीही सोडते, फडफड दुप्पट.

या एका सूत्रात निवडीचा बहुतेक निकाल लागतो, असं माझं मत आहे. थायरिस्टरवर चालणारा जुना एसव्हीसी दर अर्धचक्रात एकदाच निर्णय घेऊ शकतो, म्हणजे त्याला साधारण १० मिलीसेकंदांचा उशीर अटळ आहे. म्हणून आर्क फर्नेसवर एसव्हीसी फडफड निम्म्यापर्यंत आणतो आणि तिथेच अडतो, त्याचा आकार कितीही वाढवा. स्टॅटकॉम अर्धचक्राची वाट पाहत नाही. मोजमाप आणि नियंत्रण धरून तो काही मिलीसेकंदांत हलतो, म्हणून चौथ्या-पाचव्या भागापर्यंत जाता येतं. आणखी एक गोष्ट तो करू शकतो. भट्टीच्या एका फेजला आर्क तुटलेला आणि दुसऱ्याला शॉर्ट, अशी स्थिती नेहमीची आहे. कपॅसिटरचा टप्पा तिन्ही फेजना सारखंच देतो. योग्य कंट्रोल असलेला स्टॅटकॉम प्रत्येक फेजला हवं तेवढं वेगळं देतो.

आपल्या उदाहरणात मग किती मोठा स्टॅटकॉम घ्यायचा? भट्टी शून्य ते १६ मध्ये फिरते म्हणून १६ एमव्हीएआरचा, असं उत्तर पटकन सुचतं आणि ते नाहक महाग आहे. स्टॅटकॉम दोन्ही दिशांना चालतो. ८ एमव्हीएआर कपॅसिटर हार्मोनिक फिल्टरच्या रूपाने हीटभर आत ठेवा आणि जोडीला अधिक-उणे ८ चा स्टॅटकॉम घ्या. भट्टी शून्यावर गेली की स्टॅटकॉम फिल्टरचे ८ ओढून घेतो. १६ वर उसळली की स्वतःचे ८ त्यात घालतो. पूर्ण पट्टा निम्म्या आकारात झाकला गेला. म्हणजे दोघांना एकमेकांसमोर उभं करून एक निवडायचा नाहीच. सरासरी कपॅसिटरकडे, झोका स्टॅटकॉमकडे, आणि दोघांमधली रेषा भट्टीच्या नोंदी बघून आखायची.

एवढं मात्र लक्षात ठेवा: दोन हीटच्या मध्ये बराच वेळ भट्टी थंड असेल तर फिल्टर बाहेर काढायला हवा. नाहीतर स्टॅटकॉम फक्त फिल्टरला गप्प बसवण्यासाठी पूर्ण करंटवर चालत राहतो. त्याचा लॉस रेटिंगच्या साधारण एक टक्का धरला तर ८० किलोवॉट, नुसती उष्णता. कपॅसिटरचा लॉस त्यापुढे नगण्य असतो.

रेझोनन्स: सरकत्या टप्प्यांचा धोका

कपॅसिटर आणि ग्रिडचा रिअॅक्टन्स मिळून एक ठरावीक फ्रिक्वेन्सी अशी तयार होते, जिथे थोडासा हार्मोनिक करंटही फुगून अनेकपट होतो. ती ५० हर्ट्झच्या कितीपट आहे हे असं कळतं:

```
h = √(Ssc / Qc)
```

आपल्या ३०० एमव्हीएच्या बसवर २ एमव्हीएआर आत असताना h येतो १२.२, चार एमव्हीएआर आत असताना ८.७, सहा एमव्हीएआर आत असताना ७.१. म्हणजे तीन टप्पे लावले की आपण जवळजवळ नेमके सातव्या हार्मोनिकवर जाऊन बसतो. चारही लावले की ६.१. आता सबस्टेशनचा एक ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीसाठी बंद ठेवला आणि शॉर्ट सर्किट पातळी २०० वर आली असं समजा. चारही टप्पे आत असताना h बरोबर ५. काल ज्या बँकेला काही झालं नव्हतं, तिचे फ्यूज आज उडायला लागतात, आणि कारखान्यात कुणीही काहीही बदललेलं नसतं.

ओळखायचं कसं? ३३ केव्हीवर २ एमव्हीएआरच्या टप्प्याचा करंट ३५ अँपिअर असायला हवा. ट्रू आरएमएस मोजणाऱ्या रिलेवर तो ४५ च्या वर दिसू लागला, तर कपॅसिटर आपल्या १.३ पटीच्या मर्यादेबाहेर गेला. त्यासोबत न्यूट्रल अनबॅलन्स रिले वारंवार ट्रिप होणं, डबे फुगणं, सिरीज रिअॅक्टरचा सूर चढणं. हे तिन्ही एखाद्या ठरावीक टप्प्यावरच होत असेल, तर कपॅसिटर बदलत बसू नका, रेझोनन्स शोधा.

नेहमीचा उपाय म्हणजे ७ टक्क्यांचा सिरीज रिअॅक्टर. इंडक्शन फर्नेस किंवा ड्राइव्हच्या लोडला तो उत्तम, कारण तिथे सुरुवात पाचव्या हार्मोनिकपासून होते. आर्क फर्नेसला मात्र तो धोक्याचा ठरू शकतो. भंगार वितळताना ही भट्टी तिसरा, अगदी दुसरा आणि चौथा हार्मोनिकही सोडते. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर लावलेले आपले ८ एमव्हीएआर ग्रिडशी मिळून १६१ हर्ट्झच्या आसपास रेझोनन्स धरतात, आणि सबस्टेशन एका ट्रान्सफॉर्मरवर आलं की तो सरकून बरोबर १५० हर्ट्झवर, तिसऱ्या हार्मोनिकवर येतो. म्हणून आर्क फर्नेसला खालच्या हार्मोनिकवर ट्यून केलेले आणि मुद्दाम डॅम्पिंग घातलेले फिल्टर लागतात. "आमच्याकडे सगळीकडे सात टक्केच चालतो" हे उत्तर इथे मान्य करू नका.

स्टॅटकॉमच्या मर्यादा

स्टॅटकॉमची पहिली मर्यादा करंटची आहे. पूर्ण करंटवर पोचला की तो तिथेच थांबतो. आयजीबीटीला घडीभराचाही मोठा ओव्हरलोड चालत नाही. तरी व्होल्टेज कोसळताना तो कपॅसिटरपेक्षा बरा. कपॅसिटरचं देणं व्होल्टेजच्या वर्गाने घटतं, स्टॅटकॉमचं सरळ प्रमाणात. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं तर ८ एमव्हीएआरचा कपॅसिटर ५.१ देतो, तेवढ्याच रेटिंगचा स्टॅटकॉम ६.४.

दुसरी मर्यादा कामाच्या पॉवरची. भट्टी फक्त रिअॅक्टिव्ह पॉवरच नाही, मेगावॉटही झटक्याने बदलते. स्टॅटकॉमकडे बॅटरी नाही, तो मेगावॉट देऊ शकत नाही. सबस्टेशनच्या शेजारी हे फारसं जाणवत नाही. पण हाच कारखाना डॉग कंडक्टरच्या १० किलोमीटर लाईनच्या टोकाला असता, तर त्या तारांचा साधारण २.८ ओहमचा रेझिस्टन्स मध्ये येतो आणि ४ मेगावॉटचा हेलकावा एकटाच व्होल्टेज आणखी १ टक्का हलवतो. मग स्टॅटकॉमला भट्टीची रिअॅक्टिव्ह पॉवर शून्य करायला सांगून भागत नाही. व्होल्टेज स्थिर ठेवायला सांगावं लागतं, आणि त्यासाठी त्याचा आकार जास्त धरावा लागतो. फडफड अगदी हाताबाहेर असेल तर शेवटी भट्टीला जास्त दाबावर नेणं उरतं. १३२ केव्हीवर शॉर्ट सर्किट पातळी २००० एमव्हीए असेल, तर तोच ८ एमव्हीएआरचा हेलकावा फक्त ०.४ टक्के हलवतो, कुठलंही उपकरण न लावता. लाईनचा खर्च आणि स्टॅटकॉमचा खर्च शेजारी ठेवून बघितल्याशिवाय यातलं काहीही ठरवू नये.

तिसरी गोष्ट रोजच्या देखभालीची. भट्टीच्या शेडमधली काळी धूळ कार्बन आणि लोखंडाची असते, वीजवाहक असते. एअर-कूल्ड स्टॅटकॉमच्या हीट सिंकवर ती बसली की तापमान चढतं, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की कंट्रोलर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. तेव्हा दुपारच्या हीटला फडफड परत येते आणि रात्रीच्या हीटला नसते. अशी वेळ बघून येणारी तक्रार आली, तर आधी हवेच्या फिल्टरची जाळी आणि कूलिंग तपासा.

चौथी, सुरुवातीच्या दिवसांतली: स्टॅटकॉमला करंट मोजून देणारा सीटी चुकीच्या बाजूला किंवा उलट्या पोलॅरिटीने जोडलेला. आधीच्या हिशोबात मदत उशिरा पोचली की फडफड दुप्पट होत होती. पोलॅरिटी उलटी असेल तर तेच उशीर न होताही होतं. स्टॅटकॉम चालू केला आणि दिवे वाढीव फडफडू लागले, तर सर्वांत आधी सीटी बघायचा. जुनी कपॅसिटर बँक स्वतःच्या रिलेवर तशीच ठेवली असेल, तर ती आणि स्टॅटकॉम एकमेकांच्या मागे लागतात: स्टॅटकॉमने भरपाई दिली की रिलेला टप्पे नको वाटतात, ती काढते, स्टॅटकॉम आणखी देतो. टप्प्यांचा हुकूम स्टॅटकॉमच्याच कंट्रोलरकडे द्यायला हवा, आणि त्याने तो मिनिटांच्या हिशोबाने वापरायला हवा.

विकत घेण्याआधी काय मोजायचं

फडफडीचं अधिकृत माप Pst. फ्लिकरमीटर १० मिनिटांच्या नोंदीवरून ते काढतो. Pst १ म्हणजे माणसाला त्रास व्हायला लागणारी पातळी. असे सलग १२ आकडे, म्हणजे दोन तास, मिळून Plt निघतो. क्लास ए दर्जाचं पॉवर क्वालिटी मीटर कारखान्याच्या पॅनेलवर लावून भागणार नाही. ज्या बसवरून वस्तीचा फीडर निघतो तिथे ते लावा, निदान आठवडाभर, आणि भट्टीच्या लॉगबुकची वेळ त्याच्या शेजारी ठेवा. भंगार वितळण्याच्या मिनिटांतच Pst चढत असेल तर भट्टी दोषी. रविवारी भट्टी बंद असतानाही तेवढाच राहिला, तर दुसरीकडे शोधा. शांत काळातही Pst शून्य नसतो, त्या पार्श्वभूमीच्या वर भट्टीचा वाटा किती हे काढायचं असतं.

मोजलेला Pst ४ असेल आणि चौथ्या-पाचव्या भागापर्यंत आणणारा स्टॅटकॉम घेतला, तर तो १ च्या आसपास किंवा किंचित खाली येतो. Pst ८ असेल तर एकटा स्टॅटकॉम पुरणार नाही, हे टेंडर काढण्याआधीच कळायला हवं. आणि टेंडरमध्ये नुसते एमव्हीएआर लिहू नका. प्रतिसादाची वेळ मिलीसेकंदांत लिहा, ४० अंशांना पूर्ण करंट मागा, आणि चाचणी भट्टी भंगार वितळवत असतानाची घ्या, सपाट रसावरची नको. सबस्टेशनची शॉर्ट सर्किट पातळी महावितरणकडून लेखी मागवा. कमाल नको, किमान मागा: एक ट्रान्सफॉर्मर बंद असतानाची.